मदत हवी आहे: प्रॉस्पेक्टिंगच्या पर्चेसमधून जुनं गिऱ्हाईक वेगळं कसं काढायचं?

महालचा_मीडियावाला

नागपुरातल्या एका सावजी मसालेवाल्यांच्या जाहिराती मी सांभाळतो. महालात दुकान आहे आणि स्वतःची वेबसाइटही आहे. मेटावर दोन कॅम्पेन चालतात: नव्या लोकांसाठी प्रॉस्पेक्टिंग आणि साइटवर येऊन गेलेल्यांसाठी रिटार्गेटिंग. गेल्या महिन्यात प्रॉस्पेक्टिंगवर ६०,००० रुपये गेले आणि ॲड्स मॅनेजर १५० पर्चेस दाखवतंय, म्हणजे एक पर्चेस ४०० ला. रिटार्गेटिंगवर २०,००० गेले, पर्चेस ९०, म्हणजे २२२ ला एक. मालक म्हणतात, जे स्वस्त पडतंय त्यात पैसे वाढव ना!

मला हे पटत नाही. पॅकिंगवाला पोरगा सांगतो की "नवीन लोकांच्या" जाहिरातीतून आलेल्या ऑर्डरींवर रोजची ओळखीची नावं असतात. मसाल्याचं पाकीट महिना-दोन महिन्यांत संपतं, माणूस परत घेणारच होता. समोर आमची जाहिरात आली, त्याने तिच्यावरूनच घेतलं. ऑर्डरच्या नोटमध्ये `utm_campaign`, म्हणजे कॅम्पेनचं नाव, साठवलेला असतो. यावरून नवे-जुने वेगळे दाखवणारा रिपोर्ट कसा करू?

धरमपेठकर

जीए-४ मध्ये न्यू आणि रिटर्निंग असा फरक मिळतो ना भाऊ. कॅम्पेनप्रमाणे पाड आणि पाठव मालकांना.

आकडेमोड

तो फरक ब्राउझरचा आहे, गिऱ्हाइकाचा नाही. तीन वर्षं मसाला घेणाऱ्या काकूंनी नवा फोन घेतला की त्या तिथे "नवीन". इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमधून आल्या तरी नवीनच. आणि काल साइट बघून आज पहिल्यांदा घेणारा तिथे "रिटर्निंग" दिसतो. म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी.

यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. जाहिरात कुणाला दाखवायची ठरवली होती, हे कॅम्पेन सांगतं. घेणारा आधीचा गिऱ्हाईक होता का, हे फक्त ऑर्डरींची वही सांगते. म्हणून प्रत्येक ऑर्डरवर नवा किंवा जुना असा शिक्का आधी मारायचा, आणि मग ती कोणत्या कॅम्पेनची ते बघायचं.

आपल्याकडे ईमेलच्या भरवशावर राहू नये, सीओडीवाले काहीही टाकतात. मोबाइल नंबर मात्र खरा असतो, डिलिव्हरीवाल्याचा फोन यायचा असतो ना. पण तोच नंबर कधी +९१ लावून, कधी शून्य लावून, कधी मध्ये जागा सोडून येतो, म्हणून शेवटचे दहा अंक धरायचे. समजा गूगल शीटच्या A मध्ये ऑर्डर नंबर (नुसता आकडा), B मध्ये फोन आणि G मध्ये स्टेटस आहे. मग F मध्ये हे:

```
=RIGHT(REGEXREPLACE(B2&"","[^0-9]",""),10)
```

आणि H मध्ये:

```
=IF(COUNTIFS(F:F,F2,A:A,"<"&A2,G:G,"delivered")=0,"नवा","जुना")
```

`delivered` ची अट मुद्दाम घातली आहे. पहिली सीओडी ऑर्डर दारातून परत गेली असेल तर तो माणूस अजून गिऱ्हाईक झालेलाच नाही. परत आलेल्या ऑर्डरी मोजणीतूनही काढा.

एक सांगून ठेवतो. ऑर्डरींची फाइल आधी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. फोन नंबरचं 9.19E+11 होतं आणि मागचे अंक कायमचे जातात. F मध्ये दहापेक्षा कमी अंक दिसले, किंवा एकाच नंबरावर पन्नास ऑर्डरी दिसल्या, की समजायचं हेच झालंय.

सीताबर्डी_स्माइल्स

आमचं दातांचं क्लिनिक आहे. आम्ही लीड फॉर्म चालवतो, पण जुनेच पेशंट पुन्हा फॉर्म भरतात. रिटार्गेटिंगचा ऑडियन्स किती दिवसांचा ठेवावा?

आकडेमोड

तुमचा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढा. फॉर्मचे नंबर पेशंटच्या रजिस्टरशी जुळवायचं काम मात्र हेच.

कॅम्पेन_काका

एवढा खटाटोप काऊन करता? प्रॉस्पेक्टिंगमधून १८० दिवसांचे पर्चेसर एक्स्क्लूड करा, मग जे येईल ते नवंच.

आकडेमोड

काका, एक्स्क्लूड करावंच, पण त्याने रिपोर्ट सुटत नाही. पिक्सेलच्या १८० दिवसांच्या ऑडियन्समध्ये त्याआधीचं गिऱ्हाईक येत नाही. दिवाळीत फराळासाठी मसाला घेणारा पुढच्या दिवाळीला आला, तर त्या ऑडियन्सच्या लेखी तो कोराच. कस्टमर लिस्ट चढवली तरी सगळे नंबर मेटाच्या खात्यांशी जुळत नाहीत. आणि लिस्ट चढवताना ९१ लावूनच चढवा. शीटमधले नुसते दहा अंक उचलून टाकले तर जुळणी घसरते.

ॲड्स मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ऑडियन्स सेगमेंट ठरवता येतात. तिथे जुन्या गिऱ्हाइकांची यादी दिली की ब्रेकडाउनमध्ये खर्च नव्यांवर किती आणि जुन्यांवर किती गेला ते दिसतं. पण त्याचाही पाया तीच अर्धवट जुळणारी यादी. दिशा कळायला ठीक आहे, मालकांपुढे ठेवायला शीटच.

महालचा_मीडियावाला

केलं. प्रॉस्पेक्टिंगच्या १५० पैकी ११८ ऑर्डरी `utm_campaign` वरून सापडल्या. त्यात ४६ जुने, ७२ नवे. रिटार्गेटिंगच्या ९० पैकी ६४ सापडल्या, ५१ जुने आणि १३ नवे. म्हणजे नवा गिऱ्हाईक प्रॉस्पेक्टिंगमधून ८३३ ला पडला आणि रिटार्गेटिंगमधून १,५३८ ला. चित्रच उलटं झालं राजेहो!

न सापडलेल्या ३२ आणि २६ त्याच प्रमाणात वाटून टाकू का?

आकडेमोड

वाटू नका. "माहीत नाही" असा तिसरा रकाना ठेवा. त्यात काही नुसती जाहिरात बघून, क्लिक न करता दुसऱ्या दिवसापर्यंत घेणारे असणार. मेटा त्यांना मोजतं, पण त्यांच्या ऑर्डरीवर कॅम्पेनचं नाव येणार कुठून? रिटार्गेटिंगमध्ये असे जास्त निघतात, कारण ते लोक तसेही साइटवर ये-जा करत असतात. ॲट्रिब्युशन सेटिंगची तुलना लावून फक्त क्लिकचा आकडा काढून बघा, बराचसा फरक तिथेच दिसेल.

आणि तुमची वही कधीपासूनची आहे?

महालचा_मीडियावाला

वेबसाइट २०२३ ला बदलली, त्याआधीच्या ऑर्डरी यात नाहीत. दुकानातल्या बिलांवरही फोन घेतात, पण ते सगळं बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये.

आकडेमोड

मग ७२ हा आकडा फुगलेला आहे. जुन्या साइटची यादी आणि काउंटरची बिलं त्याच शीटमध्ये वर टाका. ऑर्डर नंबर असे द्या की आधीच्या तारखेच्या नोंदीला लहान नंबर येईल, आणि स्टेटसमध्ये `delivered` लिहा, नाहीतर सूत्र त्यांना नीट आधीचं धरणार नाही. काउंटरचं गिऱ्हाईक ऑनलाइन आलं तर ते धंद्याला नवं की वेबसाइटला नवं, हे मात्र मालकांनाच ठरवू द्या. एकदा ठरलं की दर महिन्याला बदलू नका.

धरमपेठकर

पण रिटार्गेटिंगमधले ते १३ नवे खरे कुणाचे? साइटवर पहिल्यांदा त्यांना प्रॉस्पेक्टिंगनेच आणलं असेल ना?

आकडेमोड

हो, शक्यता तीच. `utm_campaign` मध्ये शेवटची क्लिकच राहिली असणार. म्हणून मी दोन्हींचा खर्च एकत्र करून एक आकडा वर देतो: ८०,००० भागिले ८५, म्हणजे ९४१ ला एक नवा गिऱ्हाईक. श्रेय कोणत्या कॅम्पेनला गेलं याने तो हलत नाही.

कॅम्पेन_काका

एकत्र केलं की रिटार्गेटिंगचं पाप झाकलं जातं. दोन आठवडे रिटार्गेटिंग बंद करा आणि जुन्या लोकांच्या एकूण ऑर्डरी घटतात का ते बघा. त्या ५१ जणांपैकी किती तसेही आले असते, हे तुमची शीट सांगणार नाही.

आकडेमोड

हे मान्य. पण महिन्याला इतक्या कमी ऑर्डरींत दोन आठवड्यांची घट जाहिरातीमुळे की पगाराच्या तारखेमुळे, हेही कळणार नाही. मी बंद करण्याऐवजी बजेट निम्मं करीन आणि पूर्ण महिना ठेवीन.

महालचा_मीडियावाला

बंद करायला मालक तयार नाहीत, निम्म्यावर राजी होतील असं वाटतंय. आधी काउंटरची बिलं मागवतो. ७२ चे किती उरतात ते इथेच टाकतो.