‘आयवाइस’ म्हणजे अंडं की प्रथिनं?

मुग्धा, श्टुटगार्ट
आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली आहे. तिला अंडंही चालत नाही. काल मी टोफू आणला. पाकिटाच्या मागे ‘आयवाइस १४ ग्रॅम’ वाचून तिने तो हातातून खालीच ठेवला. ‘आय’ म्हणजे अंडं आणि ‘वाइस’ म्हणजे पांढरं, हे ती नातवाच्या चित्रांच्या पुस्तकातून शिकली आहे, त्यामुळे माझं काही ऐकेना. इथे तो शब्द प्रथिनांसाठी आहे हे मला माहीत आहे. पण मग खरंखुरं अंडं असेल तेव्हा काय लिहितात? मला फ्रिजवर मराठीत एक यादी लावायची आहे.

जयंत, हॅम्बुर्ग
मुग्धा, आईंनी शब्द बरोबरच फोडला आहे. आयवाइस म्हणजे मुळात अंड्याचा पांढरा बलकच. जुन्या रसायनतज्ज्ञांना दूध, रक्त, धान्य यांत त्या बलकासारखाच उष्णतेने घट्ट होणारा पदार्थ सापडला आणि त्यांनी त्या सगळ्या कुळालाच बलकाचं नाव दिलं. आपण ‘अल्ब्युमिन’ म्हणतो, त्याच्याही मुळाशी लॅटिनमधला ‘पांढरा’ हाच अर्थ आहे. जर्मन बोलण्यात आज ‘प्रोटीन’ सर्रास चालतं. पण पोषणमूल्यांच्या तक्त्यासाठी कायद्यात ठरलेला शब्द आयवाइसच आहे. म्हणून डब्याच्या पुढे मोठ्या अक्षरांत प्रोटीन आणि मागच्या तक्त्यात आयवाइस, असं दिसतं.

रेवती, लाइपझिग
मी एका बिस्किटांच्या कारखान्यात लेबलं तपासते, म्हणून लिहिते. शब्द कुठे छापला आहे ते आधी बघा. तक्त्यात उष्मांक, चरबी, साखर, मीठ यांच्या रांगेत आयवाइस असेल तर ती प्रथिनंच, मग ती कशातली का असेनात. डाळीच्या पाकिटावरही तो शब्द बहुधा असतो.

अंडं शोधायचं ते ‘त्सूटाटेन’ या शीर्षकाखाली, म्हणजे घटकांच्या यादीत. तिथे ‘ह्यूनरआयवाइस’ असेल तर कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलक. ‘मिल्शआयवाइस’ म्हणजे दुधाचं प्रथिन, ‘वाइत्सेनआयवाइस’ गव्हाचं. ‘आयगेल्ब’ म्हणजे पिवळा बलक, ‘फोलआय’ म्हणजे अख्खं अंडं, कधी कधी भुकटीच्या रूपात. तुमच्या टोफूवर सोयाबीन, पाणी आणि दूध फाडायला आपण लिंबू वापरतो तसं काम करणारं एखादं क्षार, एवढंच असेल. आईंना ती तीन ओळींची यादी वाचून दाखवा. तक्ता बोटाने झाका.

संदीप, फ्रँकफर्ट
एवढं कशाला? मी दोनच गोष्टी बघतो. पुढे ‘वेगेटारिश’ लिहिलेलं हवं, आणि मागे जे ठळक अक्षरांत छापलं असेल तेवढं वाचायचं. बाकी काही बघायची गरज नाही. आठ वर्षं झाली, काही अडलं नाही.

रेवती, लाइपझिग
संदीप, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण उरलेल्या अर्ध्यात मुग्धाच्या आईंची फसगत होईल.

वेगेटारिश या शब्दात इथे अंडं आणि दूध दोन्ही बसतं. भारतात नुसतं अंडं असलं तरी हिरवा ठिपका मिळत नाही. इथे तसं नाही. म्हणजे आपल्या ‘शाकाहारी’ला वेगेटारिश हा प्रतिशब्द नव्हेच. अंडं नको पण दूध चालतं, अशा माणसासाठी जर्मन पाकिटावर तयार शब्द सहसा दिसत नाही. ‘वेगान’ घ्या, नाहीतर वेगेटारिश घेऊन घटकांत ‘आय’ शोधा.

ठळक अक्षरांचं म्हणाल तर ती ॲलर्जीवाल्यांसाठी असतात. डिसेंबर २०१४ पासून युरोपभर १४ गोष्टी घटकांच्या यादीत उठून दिसतील अशा छापाव्या लागतात. त्यांत अंडं, दूध, मासे, शेंगदाणे, सोया, तीळ, मोहरी, सेलेरी वगैरे येतात. मांस त्यांत नाही. डुकराची चरबी नाही, जिलेटिन नाही. आमच्याकडे एक इंटर्न होती, शाकाहारी, तुमच्यासारखीच ठळक तेवढं वाचायची. रोज दुपारी कपातलं स्ट्रॉबेरीचं दह्याचं गोड खायची. एकदा मी तिच्यासमोर कप फिरवला. ठळक होतं फक्त दूध. साखरेनंतर, स्टार्चच्या शेजारी, साध्या अक्षरांत ‘श्पाइसेगेलाटीने’, म्हणजे खाण्याचं जिलेटिन. जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेलं. ती दोन महिने खात होती. रडली बिचारी.

म्हणून अंडं आणि मासा यांच्यासाठी ठळक अक्षरं बघा, मांसाच्या कुळासाठी साधी अक्षरं वाचा.

संदीप, फ्रँकफर्ट
हे खरंच माहीत नव्हतं. आज घरी जाऊन फ्रिज उघडतो.

सुलभा, बर्लिन
माझ्या नातीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. काही चॉकलेटांवर ‘श्पूरेन’ची, म्हणजे शेंगदाणा चुकून मिसळला असू शकतो अशी सूचना असते, काहींवर नसते. सूचना नसलेलं दिलं तर चालेल ना? की तुम्ही फक्त शाकाहाराचं बोलताय?

रेवती, लाइपझिग
सुलभाताई, सूचना नसणं ही हमी नाही. घटक म्हणून शेंगदाणा घातला असेल तर लिहिणं सक्तीचं आहे. पण त्याच यंत्रावर आधी शेंगदाण्याचा माल चालला आणि चुकून अंश राहिला, तर ती सूचना कंपनी स्वतःहून देते, कायदा तिला भाग पाडत नाही. एक कंपनी घाबरून सगळ्या मालावर छापते, दुसरी काहीच छापत नाही. नातीसाठी कंपनीला ईमेल करून त्याच मालाबद्दल विचारा, आणि किती जपायचं ते तिच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

मुग्धा, याचीच दुसरी बाजू तुमच्यासाठी. वेगान बिस्किटावरही ‘अंड्याचे श्पूरेन असू शकतात’ असं दिसेल. अंडं घातलेलं नसतं, शेजारच्या मालातून आलं तर आलं. खायचं की नाही, ते आईंनीच ठरवावं.

जयंत, हॅम्बुर्ग
या ‘श्पूरेन’ला मराठीत काय म्हणायचं? श्पूर म्हणजे खरं तर पावलाचा ठसा, माग. शिकारी माग काढतो तो. मी ‘लेश’ सुचवेन. ‘अंड्याचा लेश असू शकतो.’

मुग्धा, श्टुटगार्ट
काका, ‘लेश’ आईला कळेल, पण माझ्या मुलाला नाही. ‘अंश’ म्हटलं तर वाटतं की मोजून थोडं घातलं आहे. ‘कण’?

रेवती, लाइपझिग
कण नको. दूध सांडून वाळलं तर कण कुठला? मला ‘माग’च आवडला, पण पाकिटावर कोण समजेल?

मुग्धा, श्टुटगार्ट
यादीपुरतं ‘लागलेलं असू शकतं’ असं लिहिलं आहे. खरकट्या डावाबद्दल आई तसंच म्हणते.

आणखी एक गंमत. आईने आज स्वतः ‘बुटरश्माल्ट्स’ची बरणी शोधून काढली, उघडून वास घेतला आणि म्हणाली, “अगं, हे तर तूप!” वरणभातावर घेतलंसुद्धा.

रेवती, लाइपझिग
तूपच आहे ते. फक्त यादीत ठळक लिहा, ‘बुटर’ पुढे हवंच. नुसतं ‘श्माल्ट्स’ किंवा ‘श्वाइनेश्माल्ट्स’ म्हणजे डुकराची चरबी. ब्रेत्सेल आणि काही ब्रेडमध्ये ती घालतात, आणि अर्थातच ती ठळक अक्षरांत नसते.

सुलभा, बर्लिन
मग चीजचं काय? मी घेते त्या चीजवर घटकांची यादीच नाही.

रेवती, लाइपझिग
दूध, मीठ, विरजण आणि दूध फाडणारं विकर एवढ्यावरच केलेल्या चीजला घटकांची यादी न देण्याची मुभा आहे. ते विकर ‘लाब’, वासराच्या पोटातलं असू शकतं किंवा बुरशीपासून केलेलं. ‘मिक्रोबिएलेस लाब’ लिहिलं असेल तर ते बुरशीचं. पार्मेझानमध्ये वासराचंच असतं, ते त्याच्या नियमातच आहे. काहीच लिहिलं नसेल तर पाकिटावरून कळत नाही.

मुग्धा, श्टुटगार्ट
लाबला मराठीत काय लिहू? ‘विरजण’ लिहिलं तर आई निर्धास्त खाईल.