शनिवारच्या पूजेचं दूध, दही, पनीर: ब्रँड ठरवू या

ए-२०४ वहिनी: शनिवारी सोसायटीची सत्यनारायणाची पूजा. ४० पानं धरलीत. शेवयांची खीर, पनीर-मटार आणि काकडीची कोशिंबीर. दूध ५ लिटर, पनीर अडीच किलो, दही ३ किलो लागेल. कुठल्या ब्रँडचं सांगायचं ते आजच ठरवा. मागच्या वेळी दही तारखेच्या ४ दिवस आधीच आंबट निघालं होतं, तसं नको.

सी-१०३ दादा: गोवा डेअरीचंच घेऊ या ना, कुर्टीहून तर येतं. कोल्हापूरचं किंवा कर्नाटकातलं घाट उतरून येतं, तेवढ्या वेळात गरम होणारच.

बी-३०१ काका: दादा, लांबून येतं म्हणून दूध बिघडत नाही. मोठ्या इन्सुलेटेड गाडीत भरगच्च क्रेट असले की मधल्या पिशव्या तासन्‌तास गार राहतात. खरा घोळ शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांत होतो. पहाटे क्रेट बंद दुकानाच्या शटरसमोर उतरवतात आणि दुकान उघडेपर्यंत ते तिथंच पडून असतात. आपल्याकडच्या दमट उकाड्यात बाहेरच्या बाजूच्या पिशव्यांचा गारवा तासाभरात उतरतो. म्हणून मी आधी दुकान ठरवीन, ब्रँड त्यानंतर.

बी-३०१ काका: दह्याचं झालं ते बहुतेक असं. दह्यातले जीवाणू जिवंत असतात. ५ अंशांखाली ते जवळजवळ झोपलेले असतात, १५ अंशांवर परत कामाला लागतात आणि आंबटपणा वाढवत जातात. डब्यावरची तारीख ५ अंशांखाली ठेवल्याचं धरून छापलेली असते. रात्री लाईट गेली किंवा दुकानदारानं बिल वाचवायला फ्रिज बंद ठेवला, तर सकाळी डबा हाताला पुन्हा गार लागतो. पण तयार झालेलं आम्ल परत जात नाही. तारीख तीच राहते, दही मात्र चार दिवसांनी म्हातारं झालेलं असतं.

डी-४०२ ताई: मग डबा न उघडता ओळखायचं कसं काका?

बी-३०१ काका: डबा जरा तिरका करून बघा. दही कडेपासून सुटलेलं आणि भोवती पिवळसर पाणी असेल, तर एक तर ते हिंदकळलंय किंवा ऊन खाल्लंय. चमचाभर पाणी चालतं, डबाभर तळं असेल तर ठेवून द्या. वरचं झाकण घुमटासारखं वर आलं असेल तर आत वायू झालाय, तो डबा अजिबात घ्यायचा नाही. कोशिंबिरीसाठी दही फेटूनच घेणार, त्यामुळे कपाचा हट्ट नको, किलोच्या पिशव्या चालतील. मात्र पॅकिंगची तारीख दोन-तीन दिवसांच्या आतलीच हवी.

ए-२०४ वहिनी: फॅट किती बघायचं? निळी पिशवी, हिरवी पिशवी यात माझा नेहमी गोंधळ होतो.

डी-४०२ ताई: वहिनी, रंगावर जाऊ नका, प्रत्येक डेअरीचे रंग वेगळे असतात. पिशवीवरचे शब्द वाचा. टोन्ड म्हणजे ३ टक्के फॅट, डबल टोन्ड दीड, स्टँडर्डाइज्ड साडेचार, फुल क्रीम ६. खिरीला फुल क्रीमच घ्या, कमी आटवावं लागतं. दह्याच्या पिशवीवर १०० ग्रॅमला ३ ग्रॅम फॅट असेल तर ते टोन्ड दुधाचं. काकडीला पाणी सुटलं की तेच दही लवकर पातळ होतं, म्हणून साडेचारच्या आसपासचं मिळालं तर बरं.

सी-१०३ दादा: आणि पनीर? बाजारात नकली पनीर फार आहे म्हणतात.

डी-४०२ ताई: मागची चौकट वाचली की बरंच कळतं. नियमाप्रमाणे साध्या पनीरमध्ये पाणी जास्तीत जास्त ६० टक्के, आणि पाणी वजा करून उरलेल्या भागात निम्मं तरी दुधाचं फॅट लागतं. म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीत ६० ग्रॅम पाणी असलं तर ४० ग्रॅम कोरडा भाग, त्यातलं २० ग्रॅम फॅट. पाकिटावर फॅट २० ग्रॅम किंवा वर दिसलं तर ते पुऱ्या दुधाचं पनीर. १२-१३ ग्रॅम दिसलं तर ते मीडियम फॅट. ते खोटं नाही, पण तळलं की चामट लागतं आणि रश्श्यात मऊ पडत नाही.

डी-४०२ ताई: मग घटक वाचा. दूध आणि आम्ल एवढंच असायला हवं. पाम तेल किंवा खाद्य वनस्पती तेल लिहिलं असेल तर ते पनीर नव्हे. सुटं पनीर पूजेला नकोच. त्यावर आयोडीनचा थेंब टाकून निळं-काळं झालं तर पिठूळ आहे एवढं कळतं, पण तेलाची भेसळ घरी ओळखता येत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

बी-३०१ काका: व्हॅक्यूम पाकीट वडीला घट्ट चिकटलेलं असलं पाहिजे. सैल असेल तर हवा शिरलीय, फुगलं असेल तर आत जीवाणू वाढलेत. पाकीट फोडल्यावर बोटाला बुळबुळीत लागलं तर धुऊन वापरायचा विचारही करू नका, टाकून द्या.

ए-२०४ वहिनी: आणि दूध? ५ लिटर एकाच टोपात ओतू ना?

बी-३०१ काका: नका ओतू वहिनी! एक पिशवी नासकी निघाली तर अख्खा टोप जाईल. लिटरच्या ५ पिशव्या घ्या. प्रत्येकीतलं दोन चमचे दूध वेगवेगळं पळीत उकळून बघा. कण दिसले तर ती पिशवी बाजूला. चव घेतली तर कारणही कळतं. आंबट असेल तर ते बाहेर गरम झालेलं. आंबट नाही पण कडवट असेल तर ते गार राहूनही जुनं झालंय, कारण काही जीवाणू फ्रिजमध्येही वाढतात. आंबट नसूनही उकळताना फुटलं तरी दोष बहुतेक जीवाणूंचाच, ते दूध खिरीला घ्यायचं नाही.

सी-१०३ दादा: दुकान कसं पारखायचं ते सांगा. कोपऱ्यावरचं की हायवेवरचं मोठं?

बी-३०१ काका: थर्मामीटरनं. सळईचा किचन थर्मामीटर दोन पिशव्यांच्या मधे धरून दोन मिनिटं दाबून ठेवा. ५ पर्यंत उत्तम, ८ पर्यंत घ्यायचं. ८ ते १२ असेल तर दूध आणून लगेच उकळायचं, दही-पनीर नाही. १२ च्या वर सगळंच परत. उद्या सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ अशा दोन वेळा दोन्ही दुकानांत बघा. सकाळी ४ आणि संध्याकाळी १३ दाखवत असेल तर फ्रिजचं दार दिवसभर उघडं राहतंय किंवा माल दाटून भरलाय. अशा दुकानातून सकाळच्या गाडीतलं दूध तेवढं उचलता येईल.

सी-१०३ दादा: बरं, दोन्हीकडे जाऊन आकडे इथं टाकतो. दोन्हीकडे ८ च्या वर आलं तर?

बी-३०१ काका: तर खिरीला टेट्रा पॅकचं घ्या, ते न उघडता बाहेरही महिनोन्‌महिने टिकतं. दह्यासाठी शुक्रवारी संध्याकाळी घरीच विरजण लावू.

ए-२०४ वहिनी: विरजण माझ्याकडे लागलं. फ्रिजमधली खालच्या फळीची मागची बाजूही रिकामी करून ठेवते. दारात पिशव्या ठेवू नका म्हणून मुलांना सांगितलंय.

सी-१०३ दादा: कोपऱ्यावरचं: सकाळी ६, संध्याकाळी ७. हायवेवरचं: सकाळी ४, संध्याकाळी ११.

बी-३०१ काका: मग कोपऱ्यावरचंच. तिथं जो ब्रँड फुल क्रीम ताज्या तारखेचा देईल तो घ्या. शनिवारी सकाळी ७ ला थर्मोकोलचा डबा आणि बर्फ घेऊन जा दादा, पनीर आणि दही तळाशी, दूध वर.