मदत हवी आहे: वेबसाइट तयार आहे, पण क्लायंटकडून मजकूर, फोटो आणि मंजुरी येत नाही. मेल कसा लिहू?

अक्षरओळ
नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये राहून छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट बनवते. सध्या दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष निर्यातदार कुटुंबाचं काम हातात आहे. वडिलांना सगळे अण्णा म्हणतात, शेवटचा शब्द त्यांचा. मुलगा बाग आणि तोडणी बघतो. पॅकहाऊसचे कागद तिथले मॅनेजर सांभाळतात.

साइट चाचणीच्या लिंकवर पूर्ण उभी आहे. अडलंय ते असं: 'आमच्याविषयी' आणि 'आमची द्राक्षं' या दोन पानांचा मजकूर नाही, बागेचे आणि पॅकहाऊसचे चांगले फोटो नाहीत, प्रमाणपत्रांच्या पानाला कोणी हो म्हटलेलं नाही. परदेशातले खरेदीदार साइट मागताहेत, असं अण्णा स्वतःच सांगतात. पण मेल केला की उत्तर येतं, "पाठवतो ताई, तोडणी चालू आहे." ते खोटं नाही, फेब्रुवारी संपत आलाय आणि कंटेनर भरणं चालू आहे.

आता पाठवायचा मेल असा लिहिलाय:

> नमस्कार अण्णा,
> वेबसाइटचं काम ९० टक्के पूर्ण झालं आहे. लाँचसाठी खालील गोष्टी लवकरात लवकर पाठवाव्यात ही विनंती: कंपनीची माहिती, उत्पादनांची माहिती, हाय क्वालिटी फोटो, प्रमाणपत्रं, लोगो, तसेच सर्व पानांवर आपला अभिप्राय व मंजुरी.
> सहकार्याबद्दल धन्यवाद.

यात काय बदलू? माणसं चांगली आहेत, संबंध बिघडवायचे नाहीत.

सातपूरकर
सरळ लिहा: सात दिवसांत उत्तर आलं नाही तर सगळी पानं मंजूर समजून साइट सुरू करू. आमच्या कंपनीत ड्रॉइंग मंजुरीला हाच नियम आहे. मुदत संपली की मंजूर, पुढचं काम चालू. विनवण्या करत बसलात तर दिवाळीपर्यंत बसाल.

मेनरोड_दुकान
माझं उलटं झालं. मी मजकूर, फोटो सगळं वेळेवर दिलं, आणि साइट बनवणाराच फोन उचलत नाही. डोमेन त्याच्या नावावर आहे. कोणत्या शब्दांत मेल लिहू म्हणजे तो डोमेन देईल?

कोरी_पाटी
मेनरोड, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन. तोवर डोमेन कोणत्या कंपनीकडे नोंदवलंय ते शोधा आणि पैसे दिल्याच्या पावत्या जमवा. ताई, तुम्हीही एकदा बघून घ्या की हे डोमेन अण्णांच्या खात्यात आहे ना. साइट सुरू करण्याच्या दिवशी ओटीपी त्यांच्या फोनवर जाणार आणि ते बागेत असणार.

आता मेलबद्दल. तुमच्या मेलमध्ये तीन माणसांची कामं एका माणसाकडे मागितली आहेत. अण्णांकडे फोटो नाहीत, ते मुलाच्या फोनमध्ये आहेत. प्रमाणपत्रं मॅनेजरच्या फाइलमध्ये आहेत. अण्णा मेल वाचतात, "बघू" म्हणतात आणि बाजूला ठेवतात, कारण त्यातलं एकही काम ते जागेवर बसून करू शकत नाहीत. तीन मेल करा. प्रत्येकात त्या माणसाला एकट्याने करता येईल एवढंच मागा. अण्णांना तिन्हींची प्रत जाऊ द्या, पण त्यांच्याकडे फक्त मंजुरी मागा.

दुसरं म्हणजे 'उत्पादनांची माहिती पाठवा' म्हणजे त्यांनी निबंध लिहायचा. तोडणीच्या हंगामात कोण लिहील? मजकूर तुम्हीच लिहा आणि फक्त मोकळ्या जागा सोडा. असं:

> आमच्या बागा ____ गावात ____ एकरांवर आहेत. आम्ही थॉमसन, ____ आणि ____ या जाती पिकवतो. निर्यातीच्या मण्यांचा आकार ____ मिमीपासून पुढे. पॅकिंग: ५०० ग्रॅमचे पनेट, पेटी ____ किलोची.

हे भरायला चहा पिता पिता जमतं. फोनवर विचारून तुम्ही भरलंत तरी चालेल, फक्त नंतर तेच लिहून मेलवर पाठवा आणि "यात चूक असेल तर सांगा" म्हणा. कोऱ्या पानापेक्षा चुकीच्या आकड्यावर माणूस लवकर बोलतो.

सातपूरकर
आणि मंजुरीचं? माझा मुद्दा राहिलाच.

कोरी_पाटी
तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. रंग, मांडणी, फोटोंचा क्रम यांसाठी "शुक्रवारपर्यंत बदल कळवला नाही तर हेच ठेवतो" असं जरूर लिहावं, काम पुढे सरकतं. पण प्रमाणपत्र, निर्यातीचे देश, खरेदीदारांची नावं यांना गप्प राहणं म्हणजे होकार असं धरता येत नाही. ग्लोबलगॅपचं प्रमाणपत्र वर्षाच्या मुदतीचं असतं. मुदत संपलेला कागद साइटवर चढला तर परदेशातला खरेदीदार त्यावरचा १३ आकडी जीजीएन नंबर टाकून तपासतो, आणि नाव अण्णांचं खराब होतं. एखाद्या सुपरमार्केटचा लोगो 'आमचे ग्राहक' म्हणून लावला असेल तर त्या ग्राहकाची लेखी परवानगी लागते, ती अण्णांच्या हातातही नाही. अशा पानांवर मुदत संपली तर पान काढून साइट सुरू करायची. मंजूर धरून चढवायचं नाही.

निफाडची_बाग
मी शेतकरी आहे, वेबसाइटमधलं कळत नाही. पण तुमची खरी मुदत फोटोंची आहे आणि ती तुमच्या मेलमध्ये कुठेच दिसत नाही.

शेवटचा प्लॉट तोडला की झाडावर घड राहत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि तयार माल परत दिसायला जानेवारी उजाडतो. म्हणजे आत्ता फोटो राहिले तर जवळपास वर्ष गेलं. अण्णांना 'लाँच' म्हटलं तर ते उद्यावर टाकतील. 'तोडणीच्या आधी' म्हटलं की लगेच समजेल, कारण तो हिशोब रोज त्यांच्या डोक्यात असतो.

अजून एक. निर्यातीच्या बागेत बऱ्याच ठिकाणी घडांना पेपर लावलेला असतो, मणी गुलाबी पडू नये म्हणून. नुसतं "बागेचे फोटो पाठवा" म्हणाल तर वर्तमानपत्र गुंडाळलेले घड येतील. मुलाला सांगा की चार-पाच घडांचा पेपर काढ, सकाळच्या उन्हात घे, आणि घडाला हात लावू नकोस. मण्यांवर जो पांढरट थर असतो तो बोट लागलं की पुसला जातो, आणि ताज्या मालाची ओळख तीच आहे. पॅकहाऊसच्या फोटोत काम करणाऱ्या सगळ्या बायकांच्या डोक्याला टोपी आणि हातात मोजे हवेत. एकीची टोपी नसली तरी खरेदीदाराची नजर आधी तिथेच जाते. आणि त्या बायकांना विचारूनच फोटो घ्या.

अक्षरओळ
पेपरचं मला माहीतच नव्हतं, फार उपयोगी पडेल. व्हॉट्सॲपवर आलेले जुने फोटो आहेत माझ्याकडे, पण मुख्य पानावर पसरले की फुटतात.

कोरी_पाटी
फाइलचं नाव बघा. `IMG-20250218-WA0007.jpg` असं मधे `WA` असेल तर तो फोटो व्हॉट्सॲपमधून गेलेला आहे, आकार आणि दर्जा दोन्ही घटलेत. मुख्य पानाच्या पट्टीला साधारण १९२० पिक्सेल रुंदी हवी. मुलाला 'हाय क्वालिटी' म्हणू नका, तो म्हणेल माझ्या फोनवर छान दिसतोय. "फोन आडवा धरून काढ आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव" एवढंच सांगा. लोगो मात्र घरच्यांकडे मागू नका. त्यांच्या पेट्या जिथे छापल्या जातात त्या प्रेसकडे कोरलची मूळ फाइल असतेच, अण्णांनी एक फोन केला की मिळते.

अक्षरओळ
सगळ्यांचे आभार. आता तीन मेल असे केलेत. मुलाला:

> विषय: शेवटचा प्लॉट तोडण्याआधी बागेचे ५ फोटो हवेत
>
> नमस्कार दादा,
> झाडावरच्या घडांचे फोटो आत्ता घेतले नाहीत तर पुढच्या जानेवारीपर्यंत मिळणार नाहीत, म्हणून घाई करतेय. फोन आडवा धरून, सकाळी ९ च्या आत: पेपर काढलेल्या घडांचे २, पूर्ण ओळीचा १, पॅकहाऊसमध्ये पनेट भरतानाचे २ (सगळ्यांना टोपी-मोजे, आणि त्यांना विचारून). व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जमणार नसेल तर दिवस सांगा, मी स्वतः येऊन काढते.

मॅनेजरना:

> विषय: वेबसाइटसाठी चालू वर्षाची प्रमाणपत्रं
>
> नमस्कार साहेब,
> ग्लोबलगॅप आणि अपेडा नोंदणी यांच्या चालू प्रती स्कॅन करून पाठवाल का? मुदत कधीपर्यंत आहे तेही लिहा. नूतनीकरण चालू असेल तर तसं कळवा, ते पान सध्या बंद ठेवते.

आणि अण्णांना:

> विषय: दोन पानं वाचून 'मंजूर' एवढंच कळवा, शुक्रवारपर्यंत
>
> नमस्कार अण्णा,
> सोबत दोन पानांचा मजकूर आहे. गाळलेल्या सहा जागा तुमच्याकडूनच हव्यात, फोनवर सांगितल्या तरी मी भरून परत पाठवते. रंग आणि मांडणीत शुक्रवारपर्यंत बदल आला नाही तर आहे तीच ठेवते. प्रमाणपत्रं आणि निर्यातीचे देश मात्र तुमचं लेखी 'मंजूर' आल्याशिवाय चढवणार नाही, तोवर बाकीची साइट सुरू करू. पेट्यांच्या प्रेसला लोगोच्या कोरल फाइलसाठी एक फोन कराल का?

सातपूरकर
हे चांगलं झालं. पण उशीर त्यांच्याकडून होतोय, तर राहिलेलं बिल कधी मागणार तेही लिहा.

कोरी_पाटी
या मेलमध्ये नको. पैशाची ओळ आली की अण्णा फक्त तेवढीच वाचतील आणि पानं बाजूला राहतील. वेगळा मेल करा, पण करा.

निफाडची_बाग
माझ्या मते अण्णांना पैशाचं तोंडीच सांगावं, मेल कशाला. त्या पिढीला लेखी मागणी टोचते.

अक्षरओळ
पैशाचं अजून ठरवलेलं नाही. बाकी, दादाचे फोटो आले, चार चांगले आहेत. पाचव्यात एकीला टोपी नाही, तो परत मागवलाय. मॅनेजर म्हणतात ग्लोबलगॅपचं नूतनीकरण चालू आहे, म्हणून ते पान बंद ठेवलंय. अण्णांनी फोनवर सहापैकी चार जागा सांगितल्या. पेटी किती किलोची लिहायची यावर मात्र बापलेकांचं एकमत नाही. अण्णा ५ म्हणतात, दादा म्हणतो युरोपला ४.५ ची जाते. दोन्ही लिहिलं तर चालेल का?

निफाडची_बाग
चालेल. दोन्ही पेट्या जातात, नऊ पनेटची साडेचार, दहाची पाच. "खरेदीदाराच्या मागणीनुसार" लिहा आणि दोघांनाही एकदा वाचून दाखवा.