‘स्वतःच्या शब्दांत’ म्हणजे नेमके काय बदलायचे?

मृणाल: प्रकल्पात संदर्भ पृष्ठ क्रमांकासह दिला आहे, तरी मार्गदर्शकांनी ‘मूळ मजकुराच्या फार जवळ’ असा शेरा मारला. मूळ वाक्य: ‘1747 मध्ये लिंड यांनी स्कर्व्ही झालेल्या 12 खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, ज्यांना संत्री व लिंबे मिळाली ते सर्वांत लवकर सुधारले.’ माझे: ‘1747 साली लिंड यांनी स्कर्व्हीग्रस्त 12 नाविकांच्या सहा जोड्या पाडून प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला, ज्यांना संत्री आणि लिंबे दिली ते सर्वांत आधी बरे झाले.’ शब्द तर बदललेत ना?

श्रीरंग: अवतरणचिन्हांत टाक, प्रश्न मिटला.

वासंती: मूळ वाक्य जसेच्या तसे घेतले तर मिटेल. मृणालचे वाक्य अवतरणात टाकले तर लेखकाने न लिहिलेले शब्द त्याच्या नावावर जातील.

मृणाल, खलाशी गेले नि नाविक आले, पण सांगाडा तोच राहिला: आधी साल, मग जोड्या, स्वल्पविराम, मग ‘ज्यांना... ते’. शिवाय ‘सुधारले’चे ‘बरे झाले’ केल्याने दावा वाढला. प्रकृती सुधारणे म्हणजे पूर्ण बरे होणे नव्हे. त्या पानावर ‘बरे झाले’ नसेल, तर संदर्भ असूनही वाक्य चुकीचे.

इरफान: माझ्या प्रकल्पाच्या साम्य-तपासणी अहवालात साम्य 18 टक्के आले. किती चालते?

वासंती: तो आकडा जुळणारे शब्द मोजतो. संदर्भसूचीही त्यात धरली जाऊ शकते. मृणालसारखे वाक्य त्यातून सुटूही शकते, म्हणून इथे त्याचा उपयोग नाही.

मी पान मिटते, मला या वाक्यातून काय सांगायचे आहे ते ठरवते आणि तिथून सुरुवात करते. तुलना महत्त्वाची असेल तर: ‘एकाच वेळी सहा उपायांची तुलना करता यावी, अशी लिंड यांच्या 1747 च्या प्रयोगाची आखणी होती. प्रत्येक उपाय दोघा आजारी खलाशांवर झाला आणि सर्वांत लवकर सुधारणा दिसली ती संत्री-लिंबे खाणाऱ्या जोडीत.’ मग पान उघडून आकडे आणि ‘सुधारणा’ ताडून पाहायची. स्कर्व्ही, जोडी, लिंबे हे शब्द राहू द्या. स्कर्व्हीला पर्याय शोधत बसलात तर वाचकच गोंधळेल.

मृणाल: मग ‘क जीवनसत्त्वामुळे’ हेही घालू? वाक्य आणखी माझे होईल.

वासंती: घाला, पण या संदर्भाच्या आत नको. ते जीवनसत्त्व ओळखले गेले 1930 च्या दशकात. या पानावर ते नसेल तर वेगळे वाक्य, वेगळा संदर्भ.

श्रीरंग: संदर्भ प्रत्येक वाक्याला की परिच्छेदाच्या शेवटी एकदाच? आमच्याकडे शेवटीच देतात.

वासंती: मधे दुसऱ्या स्रोतातली गोष्ट आली की शेवटचा एकटा संदर्भ तीही गिळतो. मी पहिल्याच वाक्यात लेखकाचे नाव घेते.

मृणाल: आमच्या विभागात लेखकाचे नाव वाक्यात नको म्हणतात. विचारून पाहते.