मदत हवी आहे : चिकन सॉसेज आणि नगेट्सच्या पाकिटावर नेमके काय वाचावे?

मृण्मयी_पुणे
नमस्कार. घरात मुलांच्या डब्यासाठी आणि रात्रीच्या झटपट जेवणासाठी सॉसेज आणि नगेट्स घ्यायचे आहेत. दुकानात तीन पाकिटे पाहिली. एकावर '१०० टक्के चिकन' असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, दुसऱ्यावर 'प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत' असे आहे आणि तिसरे सर्वांत स्वस्त आहे. यांपैकी कोणते घ्यावे? आज संध्याकाळीच खरेदी करायची आहे, तेव्हा कृपया थेट उत्तर द्यावे.

सदाशिव_काका
अगदी सोपे आहे. मागच्या बाजूला आयएनएस म्हणजे मिसळलेल्या रसायनांचे क्रमांक असतात; त्यांत २५० हा आकडा दिसला, की ते पाकीट परत ठेवून द्यावे. तो मांस टिकवणारा आणि गुलाबी ठेवणारा नायट्राइट आहे. एकंदरीत आयएनएसचे आकडे जितके कमी, तितका माल चांगला, हा नियम मी कायम पाळत आलो आहे.

अन्नतंत्रज्ञ_नाशिक
मृण्मयीताई, समोरच्या बाजूवरून उत्तर देता येणार नाही. प्रत्येक पाकिटावरील घटकपदार्थांची यादी, चिकनची टक्केवारी आणि १०० ग्रॅममागील पोषणाचा तक्ता इथे लिहाल का? तक्ता 'प्रति सर्व्हिंग' असेल तर तो नको, कारण सर्व्हिंग प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते आणि मग तुलनाच होत नाही. खाणाऱ्यांपैकी कोणाला रक्तदाब आहे का, तेही सांगा.

स्टुटगार्टकर
आमच्याकडे जर्मनीत वाळवलेल्या सलामीच्या पाकिटावर '१०० ग्रॅम सलामीसाठी १३० ग्रॅम डुकराचे मांस वापरले' असे लिहिलेले असते, कारण वाळताना त्यातले पाणी जाते. टक्केवारी शंभराच्या वर गेलेली पाहून प्रथम मीही गोंधळलो होतो. युरोपीय संघात यंत्राने हाडांपासून विलग केलेले मांस वेगळे नमूद करावे लागते आणि ते मांसाच्या टक्केवारीत धरता येत नाही. तुम्ही तशी सलामी शोधा.

मृण्मयी_पुणे
मी पुण्यात आहे, जर्मनीत नाही, आणि मला चिकनच हवे आहे. पाकिटांचे फोटो काढले होते, त्यांवरून लिहीत आहे.

अ (स्वस्त सॉसेज, २५० ग्रॅम, १९० रुपये) : चिकन ७२ टक्के, पाणी, खाद्य वनस्पती तेल, सोया प्रथिन, स्टार्च, मीठ, मसाले, आयएनएस ४५१, ६२१, ३१६, २५०. प्रथिने १२, कर्बोदके ५, स्निग्ध पदार्थ १७ ग्रॅम, सोडियम ८४० मिलिग्रॅम.

ब ('१०० टक्के चिकन' सॉसेज, २५० ग्रॅम, २६० रुपये) : चिकन ८५ टक्के, पाणी, मीठ, मसाले, स्टार्च, आयएनएस ४५१, ३१६, २५०. प्रथिने १६, कर्बोदके २, स्निग्ध पदार्थ ९ ग्रॅम, सोडियम ६२० मिलिग्रॅम.

क (नगेट्स, 'प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत') : चिकन ४८ टक्के, गव्हाचे पीठ, ब्रेडचा चुरा, तेल, पाणी, मीठ, मसाले. प्रथिने ११.५, कर्बोदके २१, स्निग्ध पदार्थ १२ ग्रॅम, सोडियम ५६० मिलिग्रॅम.

१०० टक्के लिहून आत ८५ टक्के कसे, हे मला मुळीच कळलेले नाही.

अन्नतंत्रज्ञ_नाशिक
धन्यवाद, आता बोलता येते. '१०० टक्के चिकन' याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की आत जे मांस आहे ते सगळे कोंबडीचे आहे. सगळा पदार्थ कोंबडीचा आहे, असे त्यातून ठरत नाही. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे यादीतील पहिली दोन-तीन नावे आणि टक्केवारी यांवर विश्वास ठेवावा.

ती टक्केवारी प्रथिनांशी ताडून पाहता येते. कोंबडीच्या बिनचामडीच्या मांसात १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम प्रथिने असतात. ब मध्ये ८५ टक्के मांस म्हणजे सुमारे १७ ग्रॅम अपेक्षित, आणि तक्त्यात १६ आहेत. म्हणजे हिशेब जुळतो. अ मध्ये ७२ टक्क्यांवरून १४ च्या आसपास यायला हवीत, वर सोयाचीही प्रथिने आहेतच, तरी आकडा १२ वर थांबतो. यावरून त्या '७२ टक्के चिकन'मध्ये कातडी, चरबी किंवा यंत्राने हाडावरून काढलेला लगदा बराच असावा, असा माझा अंदाज आहे. १७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ तेच सुचवतात, अर्थात वरून घातलेले तेलही त्यात आहे.

आता किंमत पाहा. अ च्या पाकिटात एकूण ३० ग्रॅम प्रथिने आहेत, ब मध्ये ४०. म्हणजे एका ग्रॅम प्रथिनांना अ मध्ये सुमारे ६.३० रुपये पडतात आणि ब मध्ये ६.५०. स्वस्त पाकीट फारसे स्वस्त नाही.

नगेट्सचा तक्ता मात्र कर्बोदकांवरून वाचावा. मांसात कर्बोदके जवळपास नसतातच, म्हणून २१ ग्रॅम म्हणजे १०० ग्रॅम नगेट्समध्ये २८-३० ग्रॅम कोरडे पीठ आणि ब्रेडचा चुरा. हे नगेट्स बहुधा कारखान्यातच एकदा तळून येतात, तेव्हा घरी पुन्हा कढईत तळले तर तक्त्यातल्या १२ ग्रॅमवर आणखी तेल चढते. ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये करावेत.

सदाशिव_काका
पण क मध्ये २५० नाही, आकडेच नाहीत. मग तेच सर्वांत निर्मळ नव्हे का?

अन्नतंत्रज्ञ_नाशिक
नायट्राइट टाळण्याचा आपला आग्रह निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक गटात घातले आणि रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असे सांगितले. परंतु आकडे मोजून उपयोग नाही. ३१६ हा 'क' जीवनसत्त्वाच्या जवळचा पदार्थ आहे आणि नायट्राइटपासून घातक नायट्रोसामाइन बनणे तो कमी करतो. ४५१ हा पाणी धरून ठेवणारा फॉस्फेट आहे. नगेट्सना गुलाबी रंग नको असतो आणि ते उणे १८ अंशांवर गोठवलेले असतात, त्यामुळे नायट्राइट नसणे ही त्यांत विशेष गोष्ट नाही. 'नायट्राइट नाही' म्हणणाऱ्या सॉसेजमध्ये सेलेरीची पूड आहे का, तेही पाहावे. तिच्यातूनही नायट्राइटच मिळतो. पाकिटावर नायट्राइटचे प्रमाण मात्र लिहिलेले नसते, ही या वाचनाची मर्यादा आहे.

रेश्मा_मडगाव
आमच्याकडचे गोव्याचे शोरीस व्हिनेगर, मीठ आणि मिरचीत मुरवून वाळवतात. बाजारातल्या सॉसेजपेक्षा ते केव्हाही बरे, हे मी ठामपणे सांगते. चवीला तोड नाही.

अन्नतंत्रज्ञ_नाशिक
चवीबद्दल मतभेद नाही, परंतु त्यातले मीठ आणि चरबी दोन्ही भरपूर असतात, आणि सुटे विकत घेतलेल्या माळेवर वाचायला तक्ताच नसतो. मृण्मयीताई, रक्तदाबाचे उत्तर राहिले.

मृण्मयी_पुणे
हो, सासऱ्यांना रक्तदाब आहे. ते मुलांबरोबर एखादे सॉसेज खातात, म्हणून लिहिणे महत्त्वाचे वाटले नव्हते.

अन्नतंत्रज्ञ_नाशिक
सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते. अ च्या १०० ग्रॅममध्ये २.१ ग्रॅम मीठ येते, ब मध्ये सुमारे १.५५. दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्या आमटी-भाजीत, लोणच्यात, पापडात ते आधीच बरेच गेलेले असते. सॉसेज घ्यायचेच असेल तर ब घ्या, सासऱ्यांना द्यायचे की नाही ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि मुलांच्या डब्यात ते रोज देऊ नका. डब्यात क चालेल, मात्र जवळपास तिसरा हिस्सा पीठ खातो आहोत असे समजून सोबत अंडे किंवा उसळ द्यावी.

सदाशिव_काका
मी तरी २५० असलेले घेणार नाही. मुलांसाठी आठवड्यातून एकदाही नको, असे माझे मत आहे.

मृण्मयी_पुणे
दुकानातून लिहीत आहे. ब च्याच कंपनीचे दुसरे पाकीट इथे आहे. त्यावर चिकन ८८ टक्के आहे, पण प्रथिने १३ आणि स्निग्ध पदार्थ १४ आहेत. मग टक्केवारी जास्त असूनही हे अ सारखेच समजायचे का? फ्रीजरसमोर उभी आहे, लवकर सांगा.