मदत हवी आहे: स्टॅटिनचा त्रास खरा की धास्तीचा?

वडिलांना कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातली गोळी, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन २० मिग्रॅ, सुरू केल्यावर दोन्ही मांड्या दुखायला लागल्या, जिना चढताना जास्तच. स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी सीके तपासणी, थायरॉइड, ड जीवनसत्त्व नॉर्मल. डॉक्टरांनी गोळी थांबवली, दुखणं गेलं. पुन्हा दिली, परत आलं. पण गोळी चालू की बंद हे त्यांना ठाऊक होतं (पत्रकातले दुष्परिणाम तर तोंडपाठ!), त्यामुळे यावरून काही ठरत नाही. २०२० च्या सॅमसन चाचणीत गोळीवर झालेल्या त्रासापैकी सुमारे ९० टक्के त्रास नकली गोळीवरही झाला होता.

त्या चाचणीसारखंच महिना-महिना खरी आणि नकली गोळी आलटूनपालटून, कोणती ते न सांगता, घेऊन बघायला वडील आणि डॉक्टर तयार आहेत. दुखण्याला रोज ० ते १०० गुण देणार. हार्ट अटॅक येऊन गेलाय, म्हणून स्टॅटिन फार काळ बंद ठेवता येणार नाही.

एकसारख्या दिसणाऱ्या कॅप्सूल कोण भरून देतं? आणि गुणांत किती फरक पडला तर त्रास खरंच स्टॅटिनचा मानायचा?