मदत हवी आहे: व्होलॅटिलिटी वाढली की डेल्टा कधी वाढतो, कधी घटतो, असं का?

ब्लॅक-शोल्सने युरोपियन कॉल काढून बघतोय. शेअर 100 वर, मुदत 3 महिने, व्याजदर शून्य, लाभांश नाही.

स्ट्राइक 110, व्होलॅटिलिटी 20 टक्के: किंमत सुमारे 0.95, डेल्टा 0.18. व्होलॅटिलिटी 40 टक्के केली की किंमत 4.29 आणि डेल्टा 0.35. इथपर्यंत पटतं.

पण स्ट्राइक 90 घेतला तर किंमत 10.71 वरून 13.59 होते आणि डेल्टा मात्र 0.87 वरून 0.73 वर उतरतो. ऑप्शन महाग झाला, तरी शेअर 1 ने हलल्यावर तो आधीपेक्षा कमी हलणार!

माझा अंदाज असा: चढउतार वाढला की शेअर 90 च्या खाली जाण्याची शक्यताही वाढते, म्हणून कॉल शेअरसारखा कमी वागतो. हे बरोबर आहे का?

दुसरं, व्होलॅटिलिटी 20 च ठेवून मुदत 12 महिने केली तरी हेच आकडे येतात. व्याजदर शून्य असल्यामुळेच ना? कारण दर 5 टक्के धरला की कॉलची किंमत आणि डेल्टा दोन्ही वर सरकतात, आणि 12 महिन्यांत जास्तच.

हेजिंगसाठी शेअर किती घ्यायचे ते यावरच ठरतं, म्हणून कृपया कारणासकट सांगा.